घडी उलगडल्याचा आवाज

आमच्या शाळेत भाषा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. मुलं त्यांना घडीबाई म्हणायची. हे नाव त्यांना त्यांच्या कागदांमुळे पडलं. मी गणित शिकवते. शिक्षकांच्या खोलीत माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, त्यामुळे ते कागद तयार होताना मी रोज बघायचे.

सहावीच्या वर्गात अडतीस मुलं होती. त्यातली पाच-सहा पुस्तक हातात पडायच्या आधीच वाचून मोकळी झालेली, आणि सात-आठ अशी की जोडाक्षर आलं की थबकायची. मधली बाकीची. आमच्यापैकी बहुतेक जण मधल्यांसाठी शिकवायचे. वरची कंटाळायची आणि खालची खिडकीबाहेर बघत बसायची. घडीबाईंना ते जमेना. सुरुवातीला त्यांनी तीन रंगांचे कागद काढले. पिवळ्यावर सोपे प्रश्न, निळ्यावर मधले, पांढऱ्यावर अवघड. आठवडाभरात एका मुलीने आपला पिवळा कागद चावून चावून त्याचा बोळा केला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, पिवळा म्हणजे ढ हे सगळ्यांना माहीत आहे.

त्या मुलीला वर्गात मुंगी म्हणत. अंगाने एवढीशी, आवाज त्याहून एवढासा. वाचायला दिलं की एकेका अक्षरावर बोट ठेवून चालायची.

त्या दिवसानंतर बाईंनी रंग बंद केले. सगळ्यांना एकच कागद, सगळ्यांना तेच पाच प्रश्न. फक्त कागदाचा खालचा तिसरा हिस्सा वर दुमडलेला असे आणि त्या घडीच्या आत मदत असे. पहिल्या प्रश्नासाठी चित्रं, त्यातली बरोबर असतील त्यांवर खूण करायची. दुसऱ्यासाठी अर्धी वाक्यं, पुढचा शब्द खालच्या चौकटीतून उचलायचा. ज्याला हवी त्याने घडी उघडावी, नको असेल त्याने मिटलेली ठेवावी. कुणी कधी उघडायची यावर बाई नजरही ठेवत नसत. कागदाच्या अगदी शेवटी एक रिकामी ओळ असे, ‘तुमचा एक प्रश्न’. लवकर संपवणाऱ्यांनी नुसतं बसू नये म्हणून ती सुरू केली होती, पण ती सगळ्यांसाठीच असे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली होती, आणि खरी मेख तिच्यात होती. पहिले दोन प्रश्न ‘काय आहे’ असे, पुढचे ‘कशावरून’ असे. कशावरूनचं उत्तर देताना दुसऱ्या कुणीतरी टिपलेल्या गोष्टीचा आधार घ्यायचा आणि टिपणाऱ्याचं नाव सांगायचं, हा नियम. म्हणजे हुशार पोराला मुंगीकडे जाऊन विचारावंच लागे, तू काय टिपलंस. पहिल्यांदा बोलायची पाळीही टिपणाऱ्यांची.

मुख्याध्यापकांना हा सगळा वेळकाढूपणा वाटायचा. त्यांच्या मते हुशार आणि ढ अशा दोन तुकड्या करून टाकाव्यात, म्हणजे कटकट मिटेल. शेवटी त्यांनी मला सांगितलं, की तुम्ही एक तास त्यांच्या वर्गात मागे बसा आणि काय होतं ते मला लिहून द्या. शेजारणीवर पाळत ठेवायची मला लाज वाटली. मी ते बाईंना सांगूनच टाकलं. त्या म्हणाल्या, या की, सोमवारी ऐकण्याचा पाठ आहे.

पाठाआधी त्यांच्या घराबद्दल सांगायला हवं.

बाई आणि त्यांची आई, एवढीच माणसं. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दोन वर्षांपूर्वी आईला पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे एकच शब्द उरला, ‘नाही’. दवाखान्यातून घरी आल्यावर महिन्याभरात एकदा ती पलंगावरून स्वतःहून उठायला गेली आणि पडली. कपाळाला टाके पडले. तेव्हा बाई इतक्या घाबरल्या की आईला दरडावून म्हणाल्या, परत उठायचं नाही, माझी शपथ आहे तुला. व्यायाम करून घ्यायला एक जण यायचे; आई प्रत्येक गोष्टीला नाही नाही म्हणते, मग जबरदस्ती कशी करायची, असं म्हणून तेही सहा महिन्यांनी यायचे थांबले. काय हवंय? नाही. खिडकीत बसवू का? नाही. हळूहळू बाईंनी विचारणंच सोडलं. शाळेच्या वेळेत सांभाळायला एक मावशी यायच्या. त्या नसताना बाई बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायच्या. पलंगावरच्या माणसाला काय फरक पडतो, असं त्यांना वाटायचं.

पाठासाठी त्यांना घरातले आवाज हवे होते. रविवारी सकाळी त्यांनी पाचही प्रश्नांचे कागद दुमडून जेवणाच्या टेबलावर रचले आणि शेजारी फोन ठेवून आवाज टिपायला लावला. मग नळ सोडला, खुर्ची ओढली, कपाटाचं दार आपटलं, डबा पाडला. एवढ्यात आईचं औषध संपल्याचं त्यांच्या लक्षात आलं. चपला घातल्या, कुलूप लावलं आणि त्या खाली गेल्या. फोन तसाच चालू राहिला. परत आल्यावर त्यांनी बघितलं, अकरा मिनिटं झालेली. आपले आवाज पहिल्या तीन मिनिटांत आहेत, तेवढेच ऐकवू, असं ठरवून त्यांनी फोन बंद केला. पुढचं ऐकलं नाही.

सोमवारी तिसऱ्या तासाला मी वर्गात मागच्या बाकावर वही घेऊन बसले. बाहेर आभाळ भरून आलेलं होतं आणि खोलीत दिवे लावलेले होते. बाईंनी फोन स्पीकरला जोडला. एकदा नुसतं ऐका, मग मी पुन्हा लावेन तेव्हा लिहा, असं सांगितलं. पहिली तीन मिनिटं ऐकवली, थोडा वेळ विचार करायला दिला आणि पुन्हा सुरू केलं. तेवढ्यात दारात शिपाई आला, कार्यालयात एका कागदावर सही हवी होती, लगेच. बाई जाता जाता मुलांना म्हणाल्या, आवाज संपेपर्यंत लिहीत राहा.

मी उठून फोन बंद करायला हवा होता. पण मी तपासायला बसले होते, मध्ये पडू नये असं मला वाटलं.

नळ, खुर्ची, कपाट, डबा. चपलांचा फटफट आवाज. दार. किल्ली दोनदा फिरल्याचा कट्कट आवाज. मग काही नाही. बरीचशी मुलं पेन खाली ठेवून कुजबुजू लागली. मुंगी मात्र घडी उघडून, चित्रांवर बोट ठेवून बसली होती. आवाज संपेपर्यंत म्हणजे आवाज संपेपर्यंत, असं तिला कळलं होतं.

तिने मान वर केली. शेजारच्या मुलीला तिने कोपराने ढोसलं. ती गप्प झाली, मग तिच्यापुढचा. एकेक करत सगळा वर्ग गप्प झाला आणि तेव्हा मला ते ऐकू आलं.

कुणीतरी चालत होतं. चपला नव्हत्या. अनवाणी पाऊल टेकल्याचा आवाज, मग दुसरं पाऊल फरफटत आणल्याचा. टेक, सर्र. टेक, सर्र. मध्ये मोठा श्वास. आवाज जवळ येत होता, अगदी फोनपाशी. मग तो थांबला. कागदांची सळसळ झाली. एक बारीकसा आवाज आला, कोरड्या पानासारखा, आणि लगेच तसाच आणखी एक. मग काहीतरी घासल्याचा आवाज. आणि एकदम फोनच्या तोंडाशी बोलल्यासारखं, पुटपुटल्यासारखं, ‘नाही. नाही. नाही.’

मग पावलं परत गेली, तशीच, हळूहळू. नंतर पुन्हा शांतता, आणि शेवटी कुलूप उघडल्याचा आवाज आणि चपला.

बाई दारात उभ्या होत्या. त्या किती वेळ उभ्या होत्या मला माहीत नाही. त्यांचा हात दाराच्या चौकटीवर होता. मला वाटलं, आता या फोन उचलतील आणि तास संपवतील. पण वीस वर्षांची सवय असेल. त्या फळ्यापाशी आल्या आणि नेहमीसारखं म्हणाल्या, टिपणाऱ्यांनी सुरुवात करा.

नळ आला, खुर्ची आली. चौथ्या प्रश्नापर्यंत ठीक चाललं. पाचवा होता, ‘या घरात किती माणसं आहेत? कशावरून?’ घडीत एक, दोन आणि तीन माणसांची चित्रं होती. बाईंनी मनात धरलेलं उत्तर एक असं होतं.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे वकील म्हणत. तिच्या कागदाची घडी वर्षभरात एकदाही उघडली गेली नव्हती. ती उठली आणि म्हणाली, एकच. गेलं तेच माणूस परत आलं असणार, चपला काढून. ज्या मुलाने चपला टिपल्या होत्या त्याचं नावही तिने आधार म्हणून नियमाप्रमाणे घेतलं.

मुंगीने हात वर केला. तिने स्वतःहून हात वर केलेला मी तरी पहिल्यांदाच पाहत होते.

“दोन,” ती म्हणाली. “कुलूप लागलं आणि उघडलं नाही. मग कुणीतरी चाललं.”

वकिलीने ओठ दाबले, विचार करताना दाबायची तसे. मग तिने विचारलं, तू आणखी काय टिपलंस. मुंगीने कागदाकडे बघितलं. तिथे पावलांच्या चित्राखाली तिने काड्या मारल्या होत्या. ती म्हणाली, जाताना अकरा, येताना अकरा. आणि त्याने घडी उघडली.

“कसली घडी?” वकिलीने विचारलं.

मुंगीने स्वतःच्या कागदाची घडी मिटली आणि पुन्हा उघडली. कोरड्या पानासारखा तोच आवाज. शांत वर्गात तो सगळ्यांना ऐकू गेला. जी मुलं रोज घडी उघडायची, त्या सात-आठ जणांनी माना हलवल्या. त्यांना तो केव्हाच ओळखू आला होता. वकिलीला ओळखू येणं शक्यच नव्हतं.

मग वकिलीने ते सगळं जोडलं. कशावरून, तर मुंगीने टिपलं त्यावरून, असं म्हणत एकेक पायरी ती मोठ्याने सांगत गेली. घरात दोन माणसं आहेत. दुसऱ्याचा एक पाय ओढत चालतो. ते पहिलं माणूस असताना चाललं नाही, कुलूप लागल्यावर चाललं. म्हणजे ते वाट बघत होतं. ते येऊन असलाच कागद उघडतं आणि पेन्सिलीने काहीतरी करतं, आणि पहिलं माणूस यायच्या आत जागेवर जातं. हे त्याने पहिल्यांदाच केलेलं नाही, कारण ते कुठेच अडखळलं नाही, बरोब्बर अकरा पावलं.

बोलून झाल्यावर ती स्वतःच घाबरली आणि खाली बसली.

बाईंनी कागद गोळा केले. मुंगीच्या कागदाच्या शेवटच्या ओळीत तिचा प्रश्न होता. अक्षर वाकडंतिकडं आणि दोन ठिकाणी चुकलेलं, पण वाचता येत होतं. ‘त्याला कुणी विचारलं का?’

तास संपल्यावर बाई मला म्हणाल्या, माझ्याबरोबर घरी चला. एवढंच. दुपारची सुट्टी झाली होती आणि पुढचे दोन तास आम्हा दोघींनाही मोकळे होते. रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या, की यावेळी मावशी तासभर त्यांच्या मुलाला शाळेतून आणायला जातात आणि कुलूप लावून जातात.

जिन्यात अंधार होता. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तर दाराला कुलूप. बाईंनी किल्ली काढली आणि तशीच मुठीत धरून उभ्या राहिल्या. दारापलीकडून आवाज येत होता. टेक, सर्र. टेक, सर्र. आम्ही मोजत होतो की नाही कोण जाणे, पण सात-आठ झाल्यावर मला वाटलं, हे दार उघडूच नये. पलीकडे त्यांची आई आहे हे मला कळत होतं. तरी दोन वर्षं पलंगावर पडलेल्या, मी स्वतः तशी पाहिलेल्या म्हातारीची पावलं ऐकणं निराळं असतं.

किल्ली लागताच आवाज बंद झाला. आत गेलो तेव्हा आई पलंगावर होती. गळ्यापर्यंत पांघरूण, नजर छताकडे. श्वास मात्र धावून आल्यासारखा चालला होता. टेबलापाशी खुर्ची थोडी तिरकी होती. बाईंनी पलंगाशी जाऊन पायावरचं पांघरूण वर केलं. दोन्ही तळवे धुळीने करडे झाले होते, आणि उजव्या पायाचा अंगठा घासून घासून कडक झाला होता.

बाई पलंगाच्या कडेला बसल्या. गादी एका बाजूला दबली आणि खालून कागद वाजले.

गादीखाली वर्षभराचे कागद होते. दर वेळी दोन-चार जास्तीचे काढले जायचे, त्यातले. बाईंनी ते कधी मोजले नव्हते. प्रत्येकाची घडी उघडलेली. प्रत्येकावर डाव्या हाताने केलेल्या, थरथरत्या पेन्सिलीच्या खुणा. सुरुवातीच्या कागदांवर खुणा चौकटीबाहेर गेलेल्या, कुठेही पडलेल्या. नंतरच्या नीट चित्रांवर. अर्ध्या वाक्यांना पुढे शब्द नव्हते, पण खालच्या चौकटीतल्या शब्दापासून वाक्यापर्यंत रेघ ओढलेली, आणि बहुतेक वेळा बरोबर शब्दापासून. मी एकेक उलटून बघत होते आणि माझ्यातली मास्तरीण नकळत तपासत होती. पाचापैकी तीन. पाचापैकी चार.

सगळ्यात वर रविवारचा कागद होता. या घरात किती माणसं आहेत? आईने एका माणसाच्या चित्रावर खूण केली होती.

बाईंनी तो कागद माझ्या हातातून घेतला. त्यांचा चेहरा बघवेना. मला कळलं त्या काय समजल्या ते. आई स्वतःला मोजतच नाही, असं.

“आई, हे काय केलंस तू?” त्या म्हणाल्या.

“नाही,” आई म्हणाली.

मी म्हटलं, अहो, तुम्ही मुंगीला असं विचारलं असतंत का? घडी द्या की त्यांना.

मी काही फार विचार करून बोलले नव्हते. पण बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मला अजून आठवतं. दोन वर्षं त्या आईला रोज सगळ्यात अवघड कागद देत होत्या, घडी नसलेला. काय हवंय, काय झालं, का रडतेस. त्याचं उत्तर द्यायला शब्द लागतात, आणि आईकडे एकच होता. तोच हो साठी, तोच नको साठी. आणि ऐकणाऱ्यांनी तो नेहमी नको असाच धरला.

त्या उठल्या आणि एक चमचा आणि एक कंगवा घेऊन आल्या. आधी खात्री करायची, हेही त्यांच्या वर्गातलंच. दोन्ही आईपुढे धरून म्हणाल्या, चमचा दाखव. आईचा डावा हात उठला आणि बोट चमच्यावर टेकलं. कंगवा दाखव. तेही. चार-पाच वस्तू झाल्या, एकदाच चुकलं. म्हणजे बोटाच्या उत्तरावर विसंबता येईल, एवढं ठरलं. मग त्यांनी कोऱ्या कागदावर तीन चौकटी काढल्या. एकीत आईचा पलंग, दुसरीत चपला घातलेली स्वतः, तिसरी रिकामी. रिकामी म्हणजे आणखी काही, असं समजावून सांगितलं.

“तू लिहिलंस, घरात एक माणूस. ते एक कोण?”

आईने पलंगावर बोट ठेवलं. आणि मग मुलीकडे बघून, काय एवढंही कळत नाही, अशा तऱ्हेने भुवया उडवल्या. मुलगी बाहेर गेलेली होती. त्या वेळी घरात एकच माणूस होतं. उत्तर बरोबर होतं.

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

मग लपवलंस का, हे विचारायला त्यांनी पुन्हा तीन चौकटी केल्या. पडशील म्हणून मी रागावेन. माझी शपथ. आणखी काही. आई पहिल्या चौकटीवर थांबली, दुसरीवर थांबली, आणि तिसऱ्या, रिकाम्या चौकटीवर बोट आपटत राहिली. त्यातलं काय, ते त्या दिवशी निघालं नाही. मावशी आल्या, आम्हाला शाळेत परतायचं होतं.

ते निघायला तीन आठवडे लागले. आधार मिळाला कागदांमधूनच. शेवटच्या रिकाम्या ओळीत, ‘तुमचा एक प्रश्न’ या जागी, आईने प्रत्येक कागदावर एकच गोष्ट काढली होती. उभी चौकट आणि तिच्यावर एक लहानसा गोळा. आधी आम्हाला ते कपाट वाटलं. मग खिडकी. बाईंनी घरातल्या एकेका वस्तूपाशी जाऊन हे का, हे का, असं विचारलं. मुख्य दारापाशी गेल्या तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. गोळा म्हणजे कुलूप होतं. मला कोंडून का जातेस, हा तिचा वर्षभराचा प्रश्न होता, आणि तो विचारायला ती रोज अकरा पावलं चालत होती. चालता येतं हे कळलं तर दार आणखी घट्ट लागेल, असं तिला वाटलं होतं.

बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या टेबलावरचे कागद दुमडत होत्या. बोटं थांबली नाहीत. मला म्हणाल्या, मी वर्षभर मुलांच्या कागदांना घड्या घालतेय, आणि घरात माझ्या लक्षात आलं नाही. मी उरलेले कागद ओढून दुमडायला लागले.

वर्गाला त्यांनी खरं सांगितलं. दुसरं माणूस माझी आई होती. मुलांची भीती गेली, पण थोडी हिरमुसलीसुद्धा. काहींना भूतच हवं होतं. मग आईचं उत्तर एक आणि मुंगीचं दोन, यात चूक कुणाचं, यावर तासभर वाद झाला. वकिलीचं म्हणणं, प्रश्नच चुकला. कधी, ते त्यात लिहिलेलं नाही. बाईंनी ते मान्य केलं आणि प्रश्नात ‘कुलूप लागल्यावर’ हे शब्द फळ्यावर घातले. त्या दिवशी वकिलीने आयुष्यात पहिल्यांदा घडी उघडली. तिला बघायचं होतं, आत काय असतं.

मुख्याध्यापकांना मी दोन पानं लिहून दिली. त्यांनी ती वाचली आणि पुढच्या वर्षी तरीही दोन तुकड्या केल्या. घडीबाईंना ढ तुकडी दिली. तिथेही वर-खाली होतंच. कुठल्याही खोलीत चाळीस मुलं बसवली की असतंच. त्या तिथेही घड्या घालत राहिल्या. मी माझ्या गणितात ते करून बघितलं आणि पहिले दोन महिने सपाटून फसले, कारण माझ्या घडीत मी मदत न देता सरळ उत्तरच देत होते. मुंगी अजून बोट ठेवूनच वाचते. पण ती काय टिपते ते ऐकायला वर्ग थांबतो.

व्यायाम करून घेणारे पुन्हा यायला लागले. आईचे शब्द परत आले नाहीत. ‘नाही’ तेवढा राहिला, पण तो किती तऱ्हांनी म्हणता येतो ते घरात हळूहळू सगळ्यांना उमजलं. कुलूप लावणं बंद झालं. पहिल्या दिवशी बाई शाळेतून परतल्या तेव्हा मावशी निघून गेलेल्या, दार सताड उघडं, घर रिकामं, आणि पलंगावर पांघरूण नीट घडी करून ठेवलेलं. त्या जिन्यावरून कशा धावल्या ते त्यांचं त्यांना माहीत. आई तळमजल्याच्या मागच्या दाराच्या पायरीवर बसून मागचा रस्ता बघत होती.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले होते. आम्ही दोघी चहा घेत होतो आणि दार उघडंच होतं. खालून जिन्यात आवाज सुरू झाला. टेक, सर्र. टेक, सर्र. सगळं माहीत असून मी कप खाली ठेवला. आधाराला जावं म्हणून मी उठले. दुसऱ्या मजल्यावरून, दम खात, आवाज आला, ‘नाही.’ हा कुठला नाही ते मला कळलं नाही. बाईंनी कळल्यासारखी मान हलवली आणि मला खाली बसायची खूण केली.